पंचवीसच्या पुढे माझा वर्ग गायब: सी लॅबच्या बायनरी फाईलची पाच आठवड्यांची गोष्ट

जर्नलवर सही होऊन आता चार दिवस झाले, म्हणून बसून लिहितेय. आमच्याच वर्गातल्या निदान चौघांना सेम प्रॉब्लेम आला होता, फाईलमधले रेकॉर्ड मध्येच गायब व्हायचे, आणि चौघांनीही शेवटी फक्त तीन रेकॉर्ड टाकून प्रिंट काढून दिले. त्यांचं चाललं कारण तीन रेकॉर्डमध्ये तो प्रॉब्लेम दिसतच नाही. माझा दिसला कारण मी अतिउत्साहात तीस टाकले.

मी डिचोलीची, कॉलेजला म्हापशाला जाते, अस्नोड्यावरून बस. दुसरं वर्ष. सी ची लॅब दर मंगळवारी. ५ ऑगस्टला मॅडमनी सातवा प्रयोग दिला: स्ट्रक्चर वापरून विद्यार्थ्यांचे रेकॉर्ड बायनरी फाईलमध्ये साठवा, मेनू पाहिजे, ॲड, डिस्प्ले, रोल नंबर देऊन सर्च आणि मार्क अपडेट. पुढच्या मंगळवारी दाखवायचं, मग जर्नलमध्ये लिहायचं, मग सही. म्हणजे कागदावर दोन आठवड्यांचं काम.

घरी माझ्याकडे जुना सेकंडहँड लॅपटॉप आहे, विंडोज त्यावर रडत चालायची म्हणून उबुंटू टाकलंय. लॅबमध्ये विंडोज आणि कोडब्लॉक्स. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, सगळं रामायण इथूनच आहे आणि मला ते कळायला तीन आठवडे लागले.

स्ट्रक्चर असं होतं:

```c
struct student {
    int roll;
    char name[30];
    float marks;
};
struct student s;
```

पहिलं आश्चर्य इथेच. रोलचे ४ बाइट, नावाचे ३०, मार्कांचे ४, म्हणजे ३८ व्हायला पाहिजेत. `sizeof` छापून बघितलं तर ४०. मी दोनदा बोटं मोजली. वर्गातल्या एकाने सांगितलं की फ्लोटला मेमरीत चारने भाग जाणाऱ्या जागेवरच बसायचं असतं, ३४ ला चारने भाग जात नाही, म्हणून कंपायलर मध्ये दोन रिकामे बाइट सोडतो आणि फ्लोट ३६ व्या जागेपासून सुरू होतो. त्याला पॅडिंग म्हणतात. म्हणजे एक रेकॉर्ड ४० बाइटचा आणि तीस मुलांची फाईल बरोबर १२०० बाइटची. हा १२०० चा आकडा पुढे फार कामाला आला. म्हणून प्रोग्राम लिहायला घेतलात की पहिल्यांदा `sizeof` छापा आणि गुणाकार करून कुठेतरी लिहून ठेवा. आणि कोडमध्ये हाताने 38 किंवा 40 लिहू नका, सगळीकडे `sizeof(s)` च लिहा.

बाकी कोड दोन संध्याकाळी झाला. ॲडमध्ये `fwrite`, डिस्प्लेमध्ये `fread`. डिस्प्लेचा लूप मी आधी `while(!feof(fp))` असा लिहिला होता तर शेवटचा विद्यार्थी दोनदा यायचा, कारण फाईल संपली हे `feof` ला वाचायला जाऊन हात रिकामा परत आल्यावरच कळतं, आधी नाही. मग हा लिहिला:

```c
while (fread(&s, sizeof(s), 1, fp) == 1)
    printf("%d  %s  %.1f\n", s.roll, s.name, s.marks);
```

एक रेकॉर्ड पूर्ण मिळाला तरच छाप, नाहीतर थांब. ते सुटलं.

आणि फाईल उघडताना मी काय केलं, तर आधीचा सहावा प्रयोग टेक्स्ट फाईलचा होता त्यातली ओळ उचलून चिकटवली:

```c
fp = fopen("student.dat", "a");
fp = fopen("student.dat", "r");
```

ॲडला पहिली, डिस्प्लेला दुसरी. अपडेटला `"r+"`. उबुंटूवर सगळं झकास चाललं. तीस रेकॉर्ड हाताने पुन्हा पुन्हा टाकायचा कंटाळा म्हणून मी सगळं इनपुट एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहिलं, मेनूच्या नंबरासकट, म्हणजे 1, मग रोल, मग नाव, मग मार्क, परत 1, असं, आणि `./student < input.txt` असं चालवलं. ही युक्ती नक्की वापरा, पण शेवटी एक्झिटचा नंबर टाकायला विसरू नका, मी विसरले आणि इनपुट संपल्यावर मेनू तीच तीच लिस्ट छापत सुटला, आई म्हणाली लॅपटॉप एवढा का गरगरतोय. आणि परत चालवायच्या आधी जुनी `student.dat` डिलीट करा, नाहीतर `"a"` असल्यामुळे त्याच्याच खाली आणखी तीस जोडले जातात आणि फाईल २४०० ची होते.

नावं मी वर्गातलीच टाकली, मार्क मनाला येतील तसे ५० पैकी, सगळे पूर्णांक. तीसही दिसले. `ls -l` ने बघितलं, १२०० बाइट. झालं म्हटलं.

१२ ऑगस्ट. पेनड्राईव्हवर `.c` फाईल आणि बनलेली `student.dat` दोन्ही घेऊन गेले. कोडब्लॉक्समध्ये कंपाइल, रन, डिस्प्ले. एक ते पंचवीस छान आले. मग मेनू आला.

मॅडम मागे उभ्या. म्हणाल्या, "बाकीचे पाच कुठे गेले?"

मी म्हटलं, "मॅडम, घरी तीस दिसत होते." हे वाक्य त्या लॅबमध्ये रोज वीस वेळा ऐकत असणार, त्या काही न बोलता पुढच्या मशीनकडे गेल्या. माझा स्वतःचा रोल नंबर सत्तावीस, म्हणजे माझ्याच प्रोग्राममध्ये मी नव्हते.

बाजूची मैत्रीण म्हणाली, "तुज्या पेनड्रायव्हाक वायरस आसतलो." प्रॉपर्टीजमध्ये फाईलचा साइझ बघितला तर पूर्ण १२००. म्हणजे पाच जण फाईलमध्ये आहेत, प्रोग्रामला दिसत नाहीत. कुणीतरी म्हणालं विंडोजवर बफर लहान असतो. २५ गुणिले ४० म्हणजे १०००, आणि हजार हा गोल आकडा बघून मलाही ते खरं वाटायला लागलं. हा असला गोल आकडा माणसाला फसवतो. बफर असा हजाराचा वगैरे नसतो, आणि असला तरी भरल्यावर परत भरतो, फाईल तिथे संपत नाही.

मग मी ती `student.dat` डिलीट केली आणि लॅबच्याच मशीनवर `input.txt` वरून तीस रेकॉर्ड नव्याने बनवले. परत पंचवीसच. पण यावेळी `dir` करून बघितलं तर फाईल १२०१ बाइटची. एक बाइट जास्त! कुठून आला? आणि सर्चमध्ये रोल ५ दिला तर बरोबर, रोल १५ दिला तर नाव कोरं आणि आकडा भलताच. तास संपला. सही नाही.

एक छोटी गोष्ट मध्येच सांगते कारण त्यात माझा अर्धा तास गेला. कोडब्लॉक्समधून रन केलं तर फाईल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये बनते, आणि `bin\Debug` मध्ये जाऊन तिथून exe चालवली तर फाईल तिथे बनते. म्हणजे दोन वेगवेगळ्या `student.dat` आणि आपण एकीचा साइझ बघतोय आणि दुसरी वाचतोय. आधी कुठली खरी ते ठरवा.

ती १२०१ वाली फाईल मी घरी आणली आणि उबुंटूवर डिस्प्ले केली. आणि इथे खरा धक्का. इथे तीस ओळी आल्या, पण अशा:

```
8  Pooja  36.0
9  Rohan  44.0
2573    0.0
2882    0.0
```

आणि मग शेवटपर्यंत असलाच कचरा. एक ते नऊ बरोबर, दहाव्या ठिकाणी २५७३, नाव नाही, मार्क शून्य. लॅबमध्ये पंचवीस बरोबर दिसत होते तीच फाईल इथे नवावर फुटत होती. मी तो आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवला, २५७३. कुणालाही विचारलं तर म्हणायचे गार्बेज व्हॅल्यू आहे गं, सोड. पण मी तीनदा चालवलं, तीनदा २५७३ च. कचरा एवढा शिस्तीत येतो का?

१९ ऑगस्टला मी एक चलाखी केली, जिची मला आता लाज वाटते. मला एवढंच कळलं होतं की घोटाळा १० आणि २६ या रोल नंबरांशी आहे. मग म्हटलं ते नंबरच नकोत. रोल १०१ पासून १३० पर्यंत दिले, सर्चच्या हिशोबात एक वजा करायचा तिथे १०१ वजा केला. आणि चाललं! तीसही दिसले, साइझ १२००, रोल ११५ शोधला तर मिळाला. का चाललं ते माहीत नव्हतं पण मी काही ते बोलले नाही.

मॅडम आल्या, बघितलं, म्हणाल्या छान. आणि खुर्ची ओढून म्हणाल्या, "आता माझ्या यादीतले मार्क अपडेट कर बघू." त्यांची खरी यादी, अर्धे मार्क असलेली. १०१ ला ३६.५, १०२ ला ४१, असं करत १०७ ला ३८.५. मग डिस्प्ले.

सहा ओळी. बस्स, मेनू.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे. त्या एवढंच म्हणाल्या, "नंबर बदलून आजार लपवला होतास, बरा नाही केलास. चवथीच्या सुट्टीत शोध." त्यांना कारण माहीत होतं हे मला नंतर कळलं, त्यांनी मुद्दामच सांगितलं नाही. तेव्हा राग आला होता.

चवथ २७ ऑगस्टला होती. आदल्या दिवशीपासून घर भरलेलं, माटोळीचं सामान, नेवऱ्या, पाऊस आणि दर दोन तासांनी जाणारी लाइट. माझा मावसभाऊ वेर्ण्याला कंपनीत आहे, मशीनच्या कंट्रोलरचं काहीतरी सॉफ्टवेअर बघतो, तो आलेला. दुपारी आरती जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन त्याच्या बाजूला बसले. म्हटलं, "दादा, दहा मिनिटं देशील?"

त्याने कोड नाही बघितला. पहिल्यांदा फाईल मागितली, ती १२०१ वाली. म्हणाला, "प्रोग्राम काय म्हणतो ते सोड, फाईलीत खरंच काय लिहिलंय ते बघू." दहावा रेकॉर्ड सुरू कुठे व्हायला पाहिजे? आधीचे नऊ गुणिले ४०, म्हणजे ३६०. `xxd` ही कमांड फाईलीतले बाइट हेक्समध्ये दाखवते, तिने तिथून आठ बाइट काढले:

```
$ xxd -s 360 -l 8 student.dat
00000168: 0d0a 0000 0053 616e                      .....San
```

मला म्हणाला, "रोल दहा. दहा हेक्समध्ये कसा लिहितात?" मी म्हटलं `0A`. "आणि इंट चार बाइटचा, लहान बाइट आधी, मग फाईलीत काय दिसायला हवं?" `0A 00 00 00`. "मग हा पुढे `0D` कोण बसलाय?"

मी बघतच राहिले. एक बाइट जास्त होता तो हा.

मग त्याने नेवरी खात खात जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. टेक्स्ट फाईलमध्ये ओळ संपली हे दाखवायला लिनक्स एकच बाइट लिहितो, `0A`. विंडोज दोन लिहितं, `0D 0A`. सी मध्ये आपण नुसतं `\n` म्हणजे `0A` लिहितो, आणि फाईल टेक्स्ट मोडमध्ये उघडलेली असेल तर विंडोजवरची लायब्ररी लिहिताना प्रत्येक `0A` च्या आधी गुपचूप एक `0D` घालते, वाचताना काढून टाकते. तिला काय माहीत की हा `0A` ओळ संपल्याचा नाही, दहा नंबरच्या मुलीचा रोल आहे. तिला बाइट दिसला, तिने आपलं काम केलं.

लॅबमध्ये वाचताना तो `0D` परत काढला जात होता म्हणून दहावी ओळ ठीक दिसायची. उबुंटूवर कुणी काढत नाही, तिथे टेक्स्ट आणि बायनरीत काही फरकच नाही, म्हणून तिथून पुढचं सगळं एक घर सरकलं. दादाने वहीतला २५७३ बघितला आणि हसला. `0D` म्हणजे १३, `0A` म्हणजे १०. लहान बाइट आधी, म्हणून १३ अधिक १० गुणिले २५६. करून बघा, २५७३ च येतात. रोलच्या चार बाइटांनंतरचा बाइटही शून्य होता आणि तो नावाच्या पहिल्या जागेवर आला, आणि सी मध्ये शून्य बाइट म्हणजे नाव संपलं, म्हणून नाव कोरं. सर्चमध्ये १५ शोधल्यावर येणारा कचराही हाच, `fseek` आपला हिशोब करून ५६० वर जाऊन बसतो आणि रेकॉर्ड ५६१ पासून सुरू झालेला असतो.

"आणि सव्वीस?" मी विचारलं.

"सव्वीस म्हणजे `1A`. कंट्रोल झेड." म्हणाला फार जुन्या काळी सीपीएम नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती, तिला फाईल नेमकी किती बाइटची ते ठाऊक नसायचं, ती १२८ बाइटच्या तुकड्यांत मोजायची. मग मजकूर खरा कुठे संपला हे सांगायला तिथे `1A` टाकायचे. डॉसने ते उचललं, आणि विंडोजवरची सी ची लायब्ररी टेक्स्ट मोडमध्ये वाचताना अजूनही `1A` दिसला की फाईल संपली असं समजते. रोल २६ चा पहिलाच बाइट `1A`. म्हणून पंचवीसवर पडदा. फाईलीत पुढचे पाच जण बसलेले, पण दारावरच पाटी लागलेली की दुकान बंद.

३८.५ चं त्याने मला स्वतः काढायला लावलं, त्यात तास गेला आणि लाइट पण गेली, मेणबत्ती लावून केलं. ३८.५ म्हणजे ३२ गुणिले १.२०३१२५, घातांक ५, त्यात १२७ मिळवून १३२, आणि शेवटी फाईलीत बाइट पडतात `00 00 1A 42`. तिसरा बाइट बघा. आणि ३४.५ चे पडतात `00 00 0A 42`, म्हणजे ३४.५ वाला विद्यार्थी फाईल एक बाइटने फुगवणार. ० ते ५० मध्ये पूर्ण आणि अर्धे मार्क घेतले तर हे दोनच आकडे असे आहेत, आम्ही छोटा प्रोग्राम लिहून सगळे तपासले. मी आधी सगळे पूर्णांक टाकले होते म्हणून मार्कांतून काही झालं नव्हतं, नशीब दुसरं काय. रोल १०१ ते १३० मध्येही हे दोन बाइट कुठे येत नाहीत, म्हणून माझी चलाखी चालली.

एवढ्या सगळ्यावर औषध काय, तर एक अक्षर:

```c
fp = fopen("student.dat", "ab");   /* add */
fp = fopen("student.dat", "rb");   /* display, search */
fp = fopen("student.dat", "rb+");  /* update */
```

`b` लावला की लायब्ररी मध्ये हात घालत नाही, जसे बाइट तसे जातात आणि तसेच येतात. मला वाटायचं `fwrite` वापरलं की फाईल आपोआप बायनरी होते. नाही होत. बायनरी की टेक्स्ट हे `fopen` च्या वेळी ठरतं.

पण `b` लावून जुनीच फाईल वाचू नका! लॅबमधली ती १२०१ ची फाईल `"rb"` ने उघडली तर विंडोजवरही २५७३ येणार, कारण तो जादाचा बाइट फाईलीत आता पक्का बसलाय. फाईल डिलीट करून नव्याने बनवायची. `input.txt` जपून ठेवली होती म्हणून मला ते दोन सेकंदांचं काम.

अपडेटमध्ये एक वेगळी अडचण होती, तीही दादाने त्याच बैठकीत धरली. माझ्या एका मैत्रिणीने अपडेटला `"ab+"` वापरलं होतं आणि तिचे बदललेले रेकॉर्ड शेवटी जोडले जात होते, जुना तसाच. अपेंड मोडमध्ये तुम्ही `fseek` ने कुठेही जा, लिहिताना ते शेवटीच लिहितं. म्हणून `"rb+"` च. आणि वाचल्यावर फाईलचा काटा पुढच्या रेकॉर्डवर गेलेला असतो, तेव्हा लिहायच्या आधी एक रेकॉर्ड मागे यायचं:

```c
fseek(fp, -(long)sizeof(s), SEEK_CUR);
fwrite(&s, sizeof(s), 1, fp);
```

तो `(long)` गाळू नका, `sizeof` चा प्रकार बिनचिन्हाचा आहे, त्याच्या पुढे नुसतं वजा लावून भरवसा नाही. मागे आलं नाही तर नीताचे मार्क बदलताना तिच्या खालच्या मुलाचा अख्खा रेकॉर्ड पुसला जातो.

२ सप्टेंबरला लॅब झाली पण मॅडम रजेवर, सही नाही. मशीन रिकामं मिळालं म्हणून सगळं तपासून घेतलं: रोल परत १ ते ३०, मॅडमचे अर्धे मार्क, एकाला मुद्दाम ३४.५ आणि एकाला ३८.५. `dir`, १२००. तीस ओळी. मी सत्तावीस नंबरवर दिसले. तीच फाईल घरी उबुंटूवर, तशीच्या तशी.

९ सप्टेंबरला दाखवलं. मॅडमनी आधी १० आणि २६ शोधायला लावले, मग तोंडी विचारलं. ४० का, ३८ का नाही, ते सांगितलं. मग म्हणाल्या, "आता `b` आहे, म्हणजे ही फाईल कुठल्याही मशीनवर चालेल?" मी हो म्हणणार होते, पण वर्गातला एक मुलगा अजून डॉसबॉक्समध्ये टर्बो सी वापरतो ते आठवलं. तिथे इंट दोन बाइटचा, म्हणजे २ अधिक ३० अधिक ४, रेकॉर्ड ३६ चा. माझी फाईल त्याच्याकडे पहिल्याच नावापासून बिघडणार. तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

खर्च लिहायचा तर फार नाही: प्रिंट आणि झेरॉक्सचे मिळून ३४ रुपये, त्यातले १२ त्या पंचवीस ओळींच्या चुकीच्या आउटपुटचे, जे मी घाईत आधीच काढून ठेवले होते. आउटपुटचा प्रिंट सही ठरल्याशिवाय काढू नका. बसचा पास होताच.

जर्नलमध्ये मी कोडची पानं नव्याने लिहिली, चुकीचं पान मात्र फाडलं नाही, त्याच्याखाली `xxd` ची ती ओळ लिहून ठेवली. मॅडमनी सही केली, तारीख घातली, आणि लाल पेनने `"rb"` मधल्या `b` ला गोल केला. मग विचारलं, "तुझी ती `input.txt` आहे ना, ती लॅबच्या मशीनवर ठेवून जा. पुढच्या बॅचला तीच देते."

३८.५ तशीच ठेवलीय त्यात.